व्याजात दडलेल्या मार्जिनवर जीएसटी का लागत नाही, आणि त्याचा भार नेमका कोणावर पडतो?

वागळेचा_कारखानदार

वागळे इस्टेटमध्ये माझा प्रेस पार्ट्सचा छोटा कारखाना आहे आणि बँकेत 40 लाखांचे कॅश क्रेडिट खाते आहे. सीआर पत्रा, प्लेटिंगचे जॉब वर्क, डायच्या दुरुस्तीची बिले, सीएची फी, या सगळ्यांवर मी जीएसटी भरतो आणि त्या सगळ्याचे इनपुट क्रेडिट मला मिळते, म्हणजे तो कर माझ्या विक्रीवरच्या करातून वजा होतो. बँकेच्या प्रोसेसिंग फीवर 18 टक्के लागतात, त्याचेही क्रेडिट येते. पण वर्षाला 4 लाखांच्या घरात जे व्याज जाते, त्यावर कर नाही आणि म्हणून क्रेडिटही नाही. बँक ठेवीदाराला 6 टक्के देते, माझ्याकडून 10 टक्के घेते, म्हणजे मधले 4 टक्के हीच तिच्या सेवेची किंमत असणार. मग इतर प्रत्येक सेवेवर कर लावणाऱ्या कायद्याने हीच सेवा का सोडली? आणि ती करमुक्त आहे म्हणून माझा फायदा होतो की तोटा, हेही मला समजून घ्यायचे आहे. सीए म्हणतात, 'एक्झेम्प्ट आहे, तुम्ही कशाला डोके शिणवता?' पण मला ते उत्तर पुरेसे वाटत नाही.

मानपाड्याचा_माधव

कर नाही असे कसे म्हणता येईल? खात्यात किमान शिल्लक नसेल, डिमांड ड्राफ्ट काढला, लॉकर घेतला, तर प्रत्येक वेळी शुल्कावर 18 टक्के कापलेले दिसतात. बँक सरकारला भरपूर जीएसटी भरते आणि तो आपल्याच खिशातून जातो. व्याजावर आणखी कर बसला तर गृहकर्जाचा हप्ता वाढेल, म्हणून सरकारने सामान्य माणसासाठी ते सोडून दिले आहे, इतका साधा हिशेब मला वाटतो.

बेलापूरकर

माधवराव, शुल्कांबद्दल आपले म्हणणे अगदी बरोबर आहे, परंतु व्याज सोडण्याचे मूळ कारण दया हे नाही. मी नोकरीची बरीच वर्षे बँकांच्या अप्रत्यक्ष कराच्या कामात घालवली आहेत, आणि आधी सेवाकराच्या व नंतर जीएसटीच्या काळात हा प्रश्न अनेकदा हाताळला आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

मूल्यवर्धित कर बिलावर चालतो. विकणारा बिलात किंमत आणि कर वेगळे दाखवतो आणि घेणारा त्याच बिलाच्या आधारे क्रेडिट घेतो. लॉकरचे भाडे किंवा ड्राफ्टचे शुल्क ही उघड किंमत असल्याने तेथे बिल फाडता येते. कर्जात आणि ठेवीत मात्र सेवेची किंमत वेगळी सांगितलेलीच नसते, ती व्याजदरात मिसळलेली असते.

आता कारखानदार साहेबांचेच आकडे घेऊ. एका ठेवीदाराने 1,00,000 रुपये 6 टक्क्यांनी ठेवले आणि बँकेने तेच 10 टक्क्यांनी कर्जाऊ दिले. वर्षअखेर बँकेला 4,000 रुपये उरले. एकूण किती उरले हे ताळेबंदातून काढणे फारसे कठीण नाही आणि त्यावर 18 टक्के म्हणजे 720 रुपये कर काढणेही कठीण नाही. अडचण पुढे आहे. या 4,000 पैकी किती किंमत ठेवीदाराने मोजली आणि किती कर्जदाराने? ठेवीदारालाही सेवा मिळालीच आहे. त्याचे पैसे सांभाळले गेले, हवे तेव्हा काढता येतात, पासबुक, एटीएम, शाखा हे सारे आहे, आणि त्याबदल्यात त्याने कमी व्याज पत्करले आहे.

विभागणी करायची तर मध्ये एक शुद्ध दर मानावा लागतो, ज्यात कोणाचीही सेवा नाही आणि बुडण्याची जोखीमही नाही. तो 7 टक्के मानला तर ठेवीदाराने 1,000 आणि कर्जदाराने 3,000 मोजले, म्हणजे कर अनुक्रमे 180 आणि 540. तोच दर 8 टक्के मानला तर दोघांनी 2,000 प्रत्येकी मोजले आणि कर 360 व 360 झाला. दोन्ही वेळा बेरीज 720 च आहे, म्हणून वरवर पाहता फरक पडत नाही असे वाटते. पण कर्जदार नोंदणीकृत कारखानदार आहे, तो आपल्या वाट्याचे क्रेडिट घेणार, आणि ठेवीदार घरगुती माणूस आहे, त्याला क्रेडिट नाही. त्यामुळे सरकारकडे कायमचे राहणारे पैसे पहिल्या वेळी 180 आणि दुसऱ्या वेळी 360. शुद्ध दर एका टक्क्याने हलवला की महसूल दुप्पट होतो, आणि तो दर बाजारात कोठेही लिहिलेला नसतो.

खारघरचा_विद्यार्थी

सर, एक शंका आहे. किरकोळ फ्लोटिंग कर्जे 1 ऑक्टोबर 2019 पासून बाह्य बेंचमार्कला जोडणे बँकांना बंधनकारक झाले. वडिलांच्या गृहकर्जाच्या मंजुरीपत्रात 'रेपो दर अधिक 2.65 टक्के' असे स्पष्ट छापलेले आहे. मग मार्जिन दडलेले कोठे आहे? रेपो हाच शुद्ध दर मानून त्या 2.65 टक्क्यांवर कर लावला तर प्रश्न सुटत नाही का?

बेलापूरकर

प्रश्न फार चांगला आहे आणि अनेक जाणकारही येथेच थांबतात. तीन गोष्टी पाहा.

रेपो हा रिझर्व्ह बँकेकडून अगदी अल्प मुदतीसाठी पैसे उचलण्याचा दर आहे, तर बँक आपले बहुतांश पैसे चालू, बचत आणि दोन-तीन-पाच वर्षांच्या मुदत ठेवींतून गोळा करते. पाच वर्षांच्या ठेवीचा शुद्ध दर आणि एका रात्रीच्या पैशाचा शुद्ध दर हे वेगळेच असणार, कारण मुदतीचेही काही मोल असते.

दुसरे, त्या 2.65 टक्क्यांत सेवा किती आणि बुडीत कर्जांची तरतूद किती हे मंजुरीपत्र सांगत नाही. समजा, 100 कर्जदारांपैकी काही जण पैसे बुडवणार हे बँकेला अनुभवाने ठाऊक आहे आणि त्यासाठी तिने सर्वांकडून दीड टक्का जादा घेतला आहे. तो दीड टक्का म्हणजे बँकेने निर्माण केलेले मूल्य नव्हे. ती बुडवणाऱ्यांची भरपाई आहे, जी नियमित हप्ते भरणाऱ्यांकडून गोळा झाली. त्यावर कर लावणे म्हणजे तोट्यावर कर लावणे. आणि कोणते कर्ज बुडाले हे तर तीन-चार वर्षांनी कळते.

तिसरे, यातून केवळ कर्जाची बाजू दिसते. ठेवीच्या पावतीवर 'शुद्ध दर वजा अमुक' असे कोणी छापत नाही.

परकीय चलनाशी तुलना केली तर हा फरक नीट उमगेल. तेथेही बँक शुल्क न घेता खरेदी-विक्रीच्या दरातच आपले मार्जिन ठेवते, पण रोज एक संदर्भ दर जाहीर होतो, म्हणून जीएसटीच्या नियम 32 मध्ये त्या दराशी असलेला फरक हीच सेवेची किंमत धरली आहे. आणि तोही हिशेब नको असेल तर ठरावीक टक्केवारीचा पर्याय आहे. आपण वाशीत 90,000 रुपयांचे डॉलर घेतले, तर सेवेची किंमत एक टक्का म्हणजे 900 रुपये मानली जाते आणि त्यावर 18 टक्के म्हणजे 162 रुपये कर लागतो, मग बँकेने प्रत्यक्षात किती कमावले असो. डॉलरचा व्यवहार त्या क्षणी संपतो, कर्ज वर्षानुवर्षे चालते. म्हणून तेथे जे जमले ते येथे जमत नाही.

नौपाड्याची_सुनंदा

हा धागा बँकेपुरताच आहे का? माझा प्रश्न विम्याचा आहे. आम्हा दोघांच्या आरोग्य विम्याचा हप्ता 40,000 आणि त्यावर 7,200 जीएसटी असे मागच्या वर्षी भरले होते. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आरोग्य आणि आयुर्विम्यावरचा कर शून्य झाला, म्हणून यंदा 40,000 भरावे लागतील असे धरून चालले होते. नूतनीकरणाची सूचना आली ती 43,000 ची. वयाचा टप्पा बदललेला नाही, दावाही केलेला नाही. सरकारने दिलेली सवलत कंपनीने स्वतःकडे ठेवली असे मला वाटते आणि त्याचा मनस्वी राग येतो.

बेलापूरकर

सुनंदाताई, विमा हा याच प्रश्नाचा सख्खा भाऊ आहे, तेव्हा आपण योग्य जागी विचारले आहे. आपला राग मी समजू शकतो. कंपनीने किती रक्कम रास्तपणे वाढवली हे मी सूचना पाहिल्याशिवाय सांगू शकत नाही, आणि उपचारखर्च वाढल्यामुळेही दर वाढतात. परंतु त्यातला एक भाग या धाग्याच्या विषयातूनच येतो.

आपल्या 40,000 वर कर लागत होता तेव्हा कंपनीला एजंटाचे कमिशन, कार्यालयाचे भाडे, संगणक प्रणाली, जाहिरात यांवर भरलेल्या जीएसटीचे क्रेडिट मिळत होते. हप्ता करमुक्त झाला की ते क्रेडिट उलटवावे लागते आणि तो कर कंपनीचा खर्च बनतो. उदाहरणापुरते धरा की आपल्या 40,000 मागे कंपनी 10,000 रुपयांच्या करपात्र सेवा घेते. त्यावरचे 1,800 रुपये पूर्वी तिला परत मिळत, आता मिळत नाहीत, आणि ते कोणाकडून तरी वसूल होणार. आपल्या बिलावरून कर नाहीसा झाला, पण तो हप्त्याच्या पोटात काही प्रमाणात शिल्लक राहिला. करमुक्त आणि शून्यदर यांतला फरक हाच आहे. निर्यातीसारखा शून्यदर असता तर मागचा करही परत मिळाला असता.

कोपरखैरण्याचा_वकील

येथे एक दुसरी बाजू मांडू इच्छितो. हप्ता करमुक्त केल्यामुळे ग्राहकाच्या डोक्यावरचे 7,200 गेले आणि फार तर 1,800 लपून राहिले, म्हणजे ग्राहकाचे भलेच झाले. बँकांच्या बाबतीतही हेच आहे. व्याज करमुक्त असल्यामुळे गृहकर्जदार आणि ठेवीदार यांच्यापर्यंत जो कर पोहोचायला हवा होता, तो पोहोचत नाही. माझ्या मते ही बँकांना दिलेली मोठी सवलत आहे, आणि तांत्रिक अडचणीच्या नावाखाली ती जगभर टिकवून धरली जाते. युरोपने मूल्यवर्धित कराच्या 1977 च्या सहाव्या निर्देशात ही करमुक्ती लिहिली आणि आजही ती 2006 च्या निर्देशाच्या कलम 135 मध्ये जशीच्या तशी आहे. इतक्या वर्षांत उत्तर सापडू नये, हे मला पटत नाही.

स्नेहल_ऐरोली

वकील साहेबांशी मी अर्धीच सहमत आहे. मी ऐरोलीत एका बँकेच्या खरेदी विभागात काम करते आणि आमच्या टेबलावरून पाहिले तर ही सवलत मुळीच वाटत नाही.

एटीएम यंत्रे, सर्व्हर, सॉफ्टवेअर परवाने, रोख वाहून नेणाऱ्या गाड्यांची सेवा, सुरक्षारक्षक, शाखांचे भाडे, या सगळ्यांवर आम्ही जीएसटी भरतो. कायद्याने बँकांना दोन मार्ग दिले आहेत. एक तर करपात्र आणि करमुक्त उत्पन्नाच्या प्रमाणात क्रेडिटची विभागणी करत बसा, नाही तर कलम 17(4) प्रमाणे दर महिन्याला पात्र क्रेडिटपैकी सरसकट निम्मे घ्या आणि उरलेले सोडून द्या. एकदा निवडलेला पर्याय त्या आर्थिक वर्षात बदलता येत नाही. आम्ही दुसरा मार्ग घेतला आहे, कारण पहिल्यात शाखाशाखांचा हिशेब मांडताना वर्ष संपते.

याचा परिणाम निर्णयांवर कसा होतो तेही सांगते. मागे एका सॉफ्टवेअरच्या कामासाठी बाहेरच्या कंपनीने 1 कोटीचा भाव दिला होता. त्यावर 18 लाख कर, त्यातले 9 लाख आमच्या अंगावर. तेच काम स्वतःचे अभियंते नेमून 1 कोटी 5 लाखांत होणार होते, आणि पगारावर जीएसटी नसतो. बाहेरची कंपनी खरे तर स्वस्त होती, तरीही टिपणीत घरचे काम 4 लाखांनी स्वस्त दिसले आणि तेच मंजूर झाले. कर नसता तर हा निर्णय उलटा लागला असता. अशा निर्णयांचा भार शेवटी कर्जाच्या दरातच जातो.

मानपाड्याचा_माधव

स्नेहलताई, मग कार्डाच्या हप्त्यांचे काय? मी फ्रीज क्रेडिट कार्डावर मासिक हप्त्यांनी घेतला, तर व्याजावर 18 टक्के जीएसटी लागला आहे. व्याज करमुक्त आहे असे वर सगळे म्हणत आहेत.

स्नेहल_ऐरोली

माधवराव, कर्जावरील व्याजाच्या करमुक्तीतून क्रेडिट कार्डाचे व्याज नाव घेऊन वगळले आहे, म्हणून तेथे कर लागतो. आणि लक्षात घ्या, तो मार्जिनवर नसून संपूर्ण व्याजावर आहे. बँकेने ज्या दराने पैसे उभे केले त्या भागावरही आपण 18 टक्के दिले. एका टोकाला मार्जिन पूर्ण सुटते आणि दुसऱ्या टोकाला मार्जिन नसलेल्या रकमेवरही कर बसतो. नेमक्या मार्जिनवर कर बसला आहे असे मात्र क्वचितच घडते.

घणसोलीचा_सर्व्हेयर

मोटार विम्यात ते पुष्कळ प्रमाणात घडते, आणि ते मी रोज पाहतो, म्हणून लिहितो. गाड्यांच्या नुकसानीचे मूल्यांकन हेच माझे काम आहे.

विमा कंपनीने समजा 1,00,000 रुपयांचे हप्ते गोळा केले आणि त्यावर 18,000 कर घेतला. त्या वर्षी गाड्यांच्या दुरुस्तीवर तिने 70,000 आणि त्यावरचा 12,600 जीएसटी असे गॅरेजांना दिले. दुरुस्तीच्या बिलाचे क्रेडिट तिला मिळते, म्हणून सरकारला निव्वळ 5,400 जातात. म्हणजे हप्ता वजा दावे या 30,000 वर बरोबर 18 टक्के. कोणी मार्जिन मोजायला गेले नाही, तरीही कर मार्जिनवरच बसला.

पण हे गॅरेजच्या बिलावर अवलंबून आहे. कॅशलेस दाव्यात अडचण नव्हती. ग्राहकाने आधी पैसे भरून नंतर भरपाई मागितली तर क्रेडिट नाकारले जात असे, तो वाद जून 2024 च्या परिपत्रकाने कंपन्यांच्या बाजूने मिटला, बिल विमा कंपनीच्या नावे असले म्हणजे झाले. गाडी चोरीला गेली किंवा पूर्ण निकामी झाली की मात्र कंपनी रोख रक्कम देते आणि रोख रकमेला बिल नसते. तेथे हप्त्यावर कर बसला, दाव्याचे क्रेडिट शून्य, आणि ग्राहक त्याच पैशांतून नवी गाडी घेतो तेव्हा तिच्यावर पुन्हा जीएसटी भरतो. एकाच नुकसानीवर दोनदा कर गेला.

ऑकलंडचा_ठाणेकर

सर्व्हेयर साहेबांनी सांगितलेली अडचण न्यूझीलंडने मुळातच टाळली आहे. येथे 1986 मध्ये जीएसटी आला तेव्हापासून आयुर्विमा वगळता बाकीच्या विम्यात, दावा रोखीने दिला तरी कंपनीला त्यात कर आहे असे धरून वजावट मिळते. दावा घेणारा नोंदणीकृत व्यापारी असेल तर त्याने मिळालेल्या रकमेवर कर भरायचा. बिल असो वा नसो, साखळी तुटत नाही. येथे विमा दलालीच्या कामात ते इतके सहज चालते की कोणाला त्यात काही विशेष वाटत नाही.

वागळेचा_कारखानदार

सर्वांचे मनःपूर्वक आभार, बरेच काही उलगडले. विम्यात हप्ते आणि दावे यांच्या रोख रकमांवर कर आणि क्रेडिट मांडून जे साधते, ते बँकेत का साधू नये? ठेव आली, गेली, कर्ज गेले, परत आले, एवढ्या रकमा तर खात्यात असतातच.

बेलापूरकर

साहेब, आपण स्वतःहून जेथे पोहोचलात, तेथेच 1990 च्या दशकात सत्या पोद्दार आणि मॉर्ली इंग्लिश हे अभ्यासक पोहोचले होते. पुढे भारतातील जीएसटीच्या चर्चेतही पोद्दार यांचे नाव आपल्याला दिसेल. त्यांची मांडणी मी आपल्याच आकड्यांवर करून दाखवतो.

बँकेत येणाऱ्या प्रत्येक रुपयावर कर आणि जाणाऱ्या प्रत्येक रुपयावर क्रेडिट धरा. ठेव आली, 18,000 कर. व्याजासह 1,06,000 परत गेले, 19,080 क्रेडिट. कर्ज गेले, 18,000 क्रेडिट. 1,10,000 परत आले, 19,800 कर. बेरीज-वजाबाकी केली की 720 उरतात. मार्जिन कोणी विचारलेच नाही, तरी कर अचूक निघाला.

पण व्यापारी कर्जदाराच्या बाजूने हे उलटे चालते. आपण 1,00,000 उचलले की त्याच दिवशी 18,000 कर भरायचा आणि परतफेडीनंतर क्रेडिट घ्यायचे. कर्ज काढणाऱ्याच्या हातात रोख नसते म्हणूनच तो कर्ज काढतो, तेव्हा हे चालणार नाही. म्हणून त्यांनी सुचवले की तो कर भरायचाच नाही, एका वेगळ्या कर-खात्यात नुसता मांडून ठेवायचा आणि त्यावर शुद्ध दराने व्याज चढवायचे. 7 टक्क्यांनी ठेवीचे 18,000 वर्षअखेर 19,260 होतात, त्यातून 19,080 वजा केले की 180 उरतात. कर्जाच्या बाजूने 19,800 मधून 19,260 वजा केले की 540 उरतात. मी पहिल्या उत्तरात विभागणी करून काढलेले हेच आकडे आहेत. हे 540 आपल्या बिलावर दिसतील आणि आपण त्याचे क्रेडिट घ्याल.

बुडीत कर्जाचा प्रश्नही यात आपोआप सुटतो. एक कर्ज पूर्ण बुडाले तर परतफेडीचा कर शून्य आणि बँकेच्या खात्यात 19,260 चे क्रेडिट उरते, म्हणजे तोट्यातला आपला वाटा सरकार उचलते. मार्जिनमधील दीड टक्क्यावर कर बसल्याची जी तक्रार मी वर केली होती, ती या मार्गाने दूर होते.

कोपरखैरण्याचा_वकील

बेलापूरकर साहेब, मांडणी सुंदर आहे, परंतु 7 टक्के हा दर अखेर मागच्या दाराने आत आलाच. एकूण 720 त्याच्यावाचून निघतात, पण ठेवीदार-कर्जदार विभागणीसाठी तो लागतोच, आणि महसूल तर त्या विभागणीवरच ठरतो, हे आपणच दाखवले आहे. तो दर कोण जाहीर करणार आणि किती मुदतीसाठी? आपल्या कारखानदार साहेबांच्या कॅश क्रेडिट खात्यात दिवसाला चार वेळा शिल्लक बदलते, तेथे प्रत्येक उचल आणि प्रत्येक भरणा यांचे वेगळे कर-खाते मांडायचे. कायदा लागू झाला त्या दिवशी चालू असलेल्या वीस वर्षांच्या गृहकर्जांचे काय, हा वाद तर न्यायालयात दहा वर्षे चालेल. युरोपीय आयोगाने ही पद्धत तपासून पाहिली, पण ती तेथे कायदा झाली नाही. 2007 मध्ये आयोगाने करमुक्तीच्या व्याख्या सुधारण्याचा आणि बँकांना कर भरण्याचा पर्याय देण्याचा त्याहून बराच सौम्य प्रस्ताव आणला, तोही 2016 मध्ये मागे घ्यावा लागला.

बेलापूरकर

दराचा आक्षेप मला मान्य आहे. खात्यांच्या संख्येचा आता तितकासा मान्य नाही, कारण आपल्या बँका कॅश क्रेडिटवरचे व्याज रोजच्या शिल्लकेवरच मोजतात आणि त्याच प्रणालीत दुसरा एक दर चालवणे अशक्य नाही. जुन्या कर्जांच्या संक्रमणाचे उत्तर मात्र माझ्याकडे नाही.

स्नेहल_ऐरोली

प्रणालीत दर चालवणे शक्य आहे हे खरे, पण चूक कोण शोधणार? आज व्याज चुकले तर ग्राहक लगेच भांडायला येतो. त्या कर-खात्यातला आकडा कोणत्याही ग्राहकाला स्वतः पडताळून पाहता येणार नाही, आणि लेखापरीक्षणात आम्हाला तो प्रत्येक खात्यामागे सिद्ध करावा लागेल. डेन्मार्कसारख्या देशांनी म्हणूनच वेगळी वाट धरली आणि करमुक्त बँकांच्या पगारखर्चावर स्वतंत्र कर बसवला. त्याने माझ्या सॉफ्टवेअरच्या उदाहरणातला घरच्या कामाकडचा कल कमी होईल, पण कारखानदार साहेबांना क्रेडिट तरीही मिळणार नाही.

वागळेचा_कारखानदार

मग माझ्या दुसऱ्या प्रश्नाकडे परत येतो. आज मी फायद्यात आहे की तोट्यात?

बेलापूरकर

तोट्यात आहात, फक्त तो दिसत नाही. उदाहरणापुरते धरू की दर 100 रुपयांच्या कर्जामागे बँक वर्षाला 1 रुपयाच्या करपात्र वस्तू आणि सेवा घेते. कर 18 पैसे, त्यातले निम्मे म्हणजे 9 पैसे लॅप्स. आपल्या 40 लाखांवर ते वर्षाला 3,600 रुपये होतात आणि व्याजदरात शिरतात. आपण त्याचे क्रेडिट घेऊ शकत नाही, म्हणून ते आपल्या मालाच्या किमतीत जातात आणि त्या किमतीवर आपण पुन्हा 18 टक्के लावता. सेवा करपात्र असती तर आपण बिलावर कितीही मोठा कर पाहिला असता तरी निव्वळ भार शून्य असता. नौपाड्यातील गृहकर्जदाराचे नेमके उलटे आहे. त्याच्यापर्यंत हे 9 पैसेच पोहोचतात, पूर्ण मार्जिनवरचा कर पोहोचत नाही. वकील साहेब ज्याला सवलत म्हणतात ती त्याच्या वाट्याला येते, आणि स्नेहलताई जो भार सांगतात तो आपल्या.

ऑकलंडचा_ठाणेकर

याच कारणासाठी न्यूझीलंडने 1 जानेवारी 2005 पासून मधला मार्ग काढला. ज्या नोंदणीकृत ग्राहकाचा किमान 75 टक्के व्यवसाय करपात्र आहे, त्याला दिलेले कर्ज बँक शून्यदराने दाखवू शकते. त्या प्रमाणात बँकेला आपल्या खरेदीवरचे क्रेडिट मिळते. शुद्ध दर लागत नाही, विभागणी लागत नाही, कारण व्यापारी ग्राहकाकडून अखेर कर राहणारच नसतो. घरगुती ग्राहकांसाठी जुनी करमुक्ती तशीच आहे.

कोपरखैरण्याचा_वकील

हा उपाय मला त्यातल्या त्यात व्यवहार्य वाटतो, पण त्याचा खर्च सरकारच्या तिजोरीवर पडतो आणि घरगुती बाजूचा सुटलेला कर सुटलेलाच राहतो. शिवाय मिळालेले क्रेडिट बँक व्याजदर कमी करून कारखानदाराला देईल याची हमी काय? सुनंदाताईंच्या हप्त्याचा अनुभव ताजा आहे.

नौपाड्याची_सुनंदा

मी कंपनीला लेखी विचारले आहे की वाढलेल्या 3,000 पैकी उलटवलेल्या क्रेडिटचे किती आणि उपचारखर्चाचे किती. उत्तर आले की येथेच लिहीन. यजमानांच्या कार्यालयातील गट विम्यावर अजूनही 18 टक्के लागतात, त्याच्या मूळ हप्त्यात यंदा किती वाढ झाली तेही मागवले आहे, म्हणजे दोन्ही शेजारी ठेवून पाहता येईल.

बेलापूरकर

ताई, ही तुलना उपयोगी पडेल. मात्र गट विम्यात माणसांचे वय आणि दाव्यांचा इतिहास वेगळा असतो, त्यामुळे एकाच वर्षाच्या फरकावरून निष्कर्ष काढू नका. शक्य असल्यास दोन्हींच्या मागील तीन वर्षांच्या मूळ हप्त्यांतील वाढही मागवा.

वागळेचा_कारखानदार

बेलापूरकर साहेब, आमच्या संघटनेतर्फे हा 75 टक्क्यांचा मुद्दा निवेदनात मांडायचा विचार आहे. आमच्यातले काही सभासद कंपोझिशन योजनेत आहेत, म्हणजे उलाढालीवर ठरावीक दराने कर भरतात, आणि त्यांना तर क्रेडिटच मिळत नाही. त्यांना दिलेल्या कर्जाला शून्यदर मागणे योग्य ठरेल का?

बेलापूरकर

माझ्या मते ठरणार नाही, कारण शून्यदराचे समर्थन तेवढ्याच ग्राहकासाठी टिकते, ज्याने एरवी पूर्ण क्रेडिट घेतले असते. कंपोझिशनवाला तो कर पुढे देत नाही. त्यांना या निवेदनातून वेगळे ठेवा, नाही तर मूळ मागणीच कमकुवत होईल. वकील साहेबांचे मत वेगळे असू शकते.

कोपरखैरण्याचा_वकील

वेगळेच आहे. कंपोझिशनवाला उलाढालीवर कर भरतो आणि त्याच्या पोटात हा दडलेला करही सोसतो, तेव्हा त्याचा भार नियमित करदात्यापेक्षा कमी नाही. मसुदा पाठवा, मी त्यांच्यासाठी स्वतंत्र परिच्छेद लिहून देतो, मग संघटनेने ठरवावे.